स्टिअरिंगमधला एक किलो

रायपूरच्या जुन्या भागात, म्हणजे तात्यापारा, सदर बाजार, गोल बाजार या पट्ट्यात, गाडी चालवण्यापेक्षा गाडी वळवण्याचंच काम जास्त असतं. गल्लीच्या दोन्ही अंगांना दुचाक्या, मधोमध एक भाजीचा ठेला, आणि मागे उभा राहून हात हलवणारा कुणी अनोळखी परोपकारी माणूस: "पूरा काटो, पूरा काटो… आन दे, आन दे… बस!" गाडी जागच्या जागी उभी, स्टिअरिंग मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत. हे काम आज एका हाताने, खिडकीबाहेर मान काढून होतं. दीड टनाच्या आसपासच्या गाडीची पुढची दोन्ही चाकं डांबरावर उभ्या उभ्या घासत वळतात आणि हाताला साधी चहाची किटली उचलण्याइतकेही कष्ट पडत नाहीत. वर काही गाड्यांत हे हलकेपण किती हवं तेही विचारतात: कम्फर्ट, नॉर्मल की स्पोर्ट?

आपल्याकडे हा प्रश्न बऱ्याच जणांना पहिल्यांदा विचारला तो महिंद्राच्या एक्सयूव्ही ३०० ने. फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेली ही गाडी नाशिकच्या कारखान्यात तयार व्हायची. तिचा मूळ सांगाडा कोरियाच्या सँगयाँग टिवोलीचा, आणि स्टिअरिंगचे तीन मोड ही टिवोलीचीच देणगी. पुढे २०२४ मध्ये तिच्या जागी आलेल्या थ्री-एक्स-ओ मध्येही हे मोड राहिले. ही गाडी घेणारा माणूस शोरूममध्ये एक गोष्ट हमखास करतो. गाडी उभी असतानाच मोड बदलून स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरवून बघतो, आणि म्हणतो, "हां, स्पोर्टमध्ये जड लागतं."

जड लागतं हे खरं. पण नेमकं काय जड झालं? चाकं तीच, टायर तेच, फरशी तीच. स्टिअरिंग किती फिरवलं की चाकं किती वळतात ते दातांचं गणितही तेच. स्पोर्टमध्ये गाडी कमी जागेत वळत नाही आणि चाकं लवकरही वळत नाहीत. या टोकापासून त्या टोकापर्यंतचे फेरे तिन्ही मोडमध्ये तंतोतंत सारखे. मग हाताला लागलेलं ते वजन आलं कुठून?

त्यासाठी आधी टायरखाली वाकून बघावं लागेल. उभ्या गाडीचा टायर जमिनीला साधारण तळहाताएवढ्या जागेत टेकलेला असतो. गाडी चालू असेल तर ही जागा सतत नवी होत राहते, रबराचा एक भाग उचलला जातो आणि पुढचा टेकतो. गाडी उभी असेल तर मात्र तोच तळहात जागच्या जागी पिळावा लागतो, वहीवर खोडरबर दाबून धरून गोल फिरवावा तसा. आधी रबर पीळ खातं, मग कडा सरकू लागतात, मग अख्खा तुकडा कुरकुरत घासतो. बहुमजली पार्किंगच्या गुळगुळीत रंगवलेल्या जमिनीवर जो चीं-चीं आवाज येतो तो हाच.

हा पीळ किती जोर मागतो याचा अंदाज बांधणारं एक जुनं सूत्र आहे. त्यात तीनच गोष्टी लागतात: चाकावरचा भार, टायरमधली हवा आणि घर्षण. एक्सयूव्ही ३०० सारख्या गाडीच्या पुढच्या एकेका चाकावर सव्वाचारशे किलो भार धरू, हवा ३२ पीएसआय, रस्ता कोरडा. दोन्ही चाकांना मिळून जो पीळ लागतो तो स्टिअरिंगच्या दातांमधून वर येईपर्यंत सुमारे सोळा पटींनी कमी होतो, वाटेतलं घर्षण त्यात थोडी भर घालतं, आणि शेवटी स्टिअरिंगच्या कडेवर अकरा किलोच्या आसपास ओढ शिल्लक राहते. म्हणजे मदतीला विजेची मोटर नसती तर प्रत्येक वळणाला अकरा किलोचं ओझं कडेला टांगल्यासारखं खेचावं लागलं असतं, तेही सलग, दीड-पावणेदोन फेरे.

या सूत्रातला मला सगळ्यात चकित करणारा भाग भाराचा आहे. भार दुप्पट झाला की पीळ दुप्पट होत नाही, पावणेतीन पटींच्या पुढे जातो. कारण भार वाढला की घर्षण वाढतं, आणि शिवाय टेकलेला तळहातही मोठा होतो, त्याच्या कडा मध्यापासून दूर जातात. ज्यांनी मारुती ८०० वर गाडी शिकली त्यांना पॉवर स्टिअरिंगवाचून फारसं अडलं नाही याचं रहस्य इथेच आहे. तिचं वजन सगळं मिळून साडेसहाशे किलोच्या आसपास. पुढच्या चाकांवरचा भार आजच्या एसयूव्हीच्या निम्मा, म्हणून स्टिअरिंगची ओढ निम्मी नव्हे, जवळपास एक तृतीयांश. उलट हवा कमी असेल तर तळहात पसरतो. ३२ ऐवजी २४ पीएसआय असेल तर तीच गाडी साधारण १५ टक्के जास्त ओढ मागते. स्टिअरिंग जड झालं म्हणून गॅरेज गाठण्याआधी पंपावर हवा बघावी, हा सल्ला वडीलधारे देतात त्याच्यामागे हे गणित उभं आहे.

तर हिशेबाला अकरा किलो आहेत. हे अकरा किलो हात आणि मोटर यांनी वाटून घ्यायचे. कम्फर्ट आणि स्पोर्ट हा सगळा प्रश्न फक्त त्या वाटणीचा आहे.

वाटणी कशी होते ते पाहण्यासारखं आहे. स्टिअरिंगपासून खाली जाणाऱ्या दांड्यात एका जागी मुद्दाम एक बारीक, लवचीक तुकडा बसवलेला असतो. त्याला टॉर्शन बार म्हणतात. आपण स्टिअरिंग फिरवलं की वरचा दांडा फिरतो, खालचा टायरमुळे अडून बसतो, आणि मधला हा तुकडा पीळ खातो. पीळ किती, तर एक-दोन अंश. डोळ्याला दिसणारही नाही. पण त्याच्याभोवती बसवलेला सेन्सर तो मोजतो, आणि मोजणी चुकली तर कळावं म्हणून एकाऐवजी दोनदा मोजतो. पीळ किती आहे यावरून हात किती जोर लावतोय हे छोट्या संगणकाला कळतं. दुसरीकडून चाकांच्या सेन्सरकडून गाडीचा वेग येतो. या दोन आकड्यांवरून तो आपल्या तक्त्यात बघतो: इतका वेग आणि इतका पीळ असेल तर मोटरला इतका करंट. मोटर खालच्या दांड्याला ढकलते, चाकं वळतात, पीळ सैल होतो. पीळ सैल झाला की करंट घटतो. आपण अजून फिरवलं की पुन्हा वाढतो. ही देवघेव सेकंदात शेकडो वेळा होते, म्हणून आपल्याला तिचे टप्पे जाणवत नाहीत, एकच सलग हलकेपण जाणवतं.

मोडचं बटण दाबलं की हा तक्ता बदलतो. बस, एवढंच. कुठलीही यंत्रातली वस्तू हलत नाही. त्याच पिळाला कम्फर्टचा तक्ता जास्त करंट देतो आणि स्पोर्टचा कमी.

आता आकडे घालून बघू. प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे, पण समजायला सोयीचे असे धरू की कम्फर्टमध्ये हाताला एक किलो आणि स्पोर्टमध्ये दोन किलो जोर लागतो. उभ्या गाडीत हाताला लागणारा जोर साधारण याच पट्ट्यात असतो. कम्फर्टमध्ये अकरापैकी एक किलो हाताचा, दहा मोटरचे. स्पोर्टमध्ये दोन हाताचे, नऊ मोटरचे. हाताचे कष्ट दुप्पट झाले, आणि मोटरचं काम फक्त दहा टक्क्यांनी कमी झालं! "स्पोर्टमध्ये पॉवर स्टिअरिंग कमी होतं" असं लोक म्हणतात. पार्किंगच्या वेगाला ते इतकंच कमी होतं. तिथेही पाचातले चार वाटे मोटरच उचलत असते. आपण ज्याला गाडीचा भारदस्तपणा समजतो तो टायरकडून आलेला नसतो, मोटरने आपल्यासाठी मुद्दाम शिल्लक ठेवलेला एक किलो असतो. टॉर्शन बारच्या भाषेत सांगायचं तर एका अंशाऐवजी दोन अंश पीळ. गंभीर, दमदार, स्पोर्टी वगैरे जी विशेषणं जाहिरातीत असतात, ती सगळी त्या जास्तीच्या एका अंशात मावतात.

हे घरच्या घरी तपासता येतं. प्रवासाच्या बॅगा तोलायचा टांगता काटा मिळतो, तो एका मऊ पट्ट्याने स्टिअरिंगच्या कडेला बांधायचा. मधल्या भागावरून पट्टा न्यायचा नाही, तिथे एअरबॅग असते. गाडी सपाट जागेवर, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये, पाय ब्रेकवर. काटा कडेशी काटकोनात ठेवून सावकाश ओढायचा आणि स्टिअरिंग एकसारखं फिरत असतानाचा आकडा वाचायचा. पहिल्या अर्ध्या फेऱ्याचाच घ्यायचा. मोड बदलून पुन्हा. मग ब्रेक सोडून पुन्हा. हा शेवटचा आकडा अनेकांना चकवतो. ब्रेक सुटलेला असेल तर चाक वळता वळता किंचित गडगडतंही, आणि काटा कमी दाखवतो. गाडी गोगलगाईच्या चालीने सरकवत ओढून बघायचा मोह होईल, तो मोकळ्या मैदानाखेरीज आवरावा. पण तसं केलं तर टायरची ओढ निम्म्यावर किंवा त्याखाली घसरते, कारण तळहात पुन्हा नवा होऊ लागतो. कम्फर्ट आणि स्पोर्ट यांच्यातल्या फरकापेक्षा उभी गाडी आणि सरकती गाडी यांच्यातला फरक मोठा, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वात उपयोगी ज्ञान वाटतं. सदर बाजारात गाडी वळवताना मोड कोणताही असो, जरा सरकवत वळवली तर टायरला, मोटरला आणि बॅटरीला तिघांनाही सुटका.

काही गाड्यांत मात्र काट्यावर फरक जेमतेमच दिसेल. काही कंपन्या उभ्या गाडीसाठी तिन्ही तक्ते जवळजवळ सारखेच ठेवतात आणि वेग वाढेल तसे त्यांना एकमेकांपासून दूर नेतात. माझ्या मते हेच शहाणपणाचं. ज्याने रायपूर-नागपूर महामार्गासाठी स्पोर्ट लावलं, त्याला चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळासमोर गाडी लावताना शिक्षा कशाला? महामार्गावर स्पोर्टला खरा अर्थ आहे. तिथे टायर सहज वळतात, उलट फिरता टायर स्वतःच सरळ व्हायला बघतो, आणि ती ओढ हाताला जरा जास्त पोचू दिली तर नकळत झालेल्या हाताच्या हालचालीने गाडी डुलत नाही. उभ्या गाडीत सरळ व्हायला बघणारं काही नसतं. पूर्ण काटून सोडून द्या, स्टिअरिंग बरंचसं तिथेच राहतं, कोणत्याही मोडमध्ये.

आणखी एक गंमत बटण दाबतानाची. अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं की स्टिअरिंग फिरवत असताना मोड बदलला तर फरक लगेच लागू होईलच असं नाही. पडद्यावर नाव बदलतं, हाताला काही कळत नाही. लोकांना वाटतं बटण बिघडलं. खरं तर संगणक वाट बघत असतो. आपण दोन किलोने ओढतोय आणि मधेच मोटरने वाटा एकदम वाढवला, तर स्टिअरिंग हातातून पुढे निसटेल. म्हणून हात थांबेपर्यंत तक्ता बदलायचा नाही. इतकं सभ्य यंत्र विरळाच.

ही सगळी कल्पनाच मुळात पार्किंगपायी जन्माला आली म्हटलं तरी चालेल. आधीच्या हायड्रॉलिक स्टिअरिंगमध्येही टॉर्शन बार होताच, पण तो तेलाची झडप उघडायचा. किती पिळाला किती मदत हे झडपेच्या लोखंडी कडांच्या आकारात कायमचं कोरलेलं असायचं. तक्ता धातूचा होता, बदलणार कसा? शिवाय तेलाचा पंप इंजिनला जोडलेला, तो सरळ रस्त्यावरही फिरतच राहायचा. साडेपाचशे सीसीच्या इवल्या इंजिनाला हे ओझं जड. म्हणून १९८८ मध्ये सुझुकीच्या सर्वो या छोट्या गाडीत विजेवर चालणारं स्टिअरिंग आलं, जे फक्त वळवताना वीज घेतं. तक्ता एकदा आकड्यांचा झाल्यावर दुसरा तक्ता ठेवायला खर्च काहीच नव्हता. १९९९ च्या फियाट पुंटोत युरोपात 'सिटी' नावाचं बटण आलं, गल्लीबोळात आणि पार्किंगमध्ये स्टिअरिंग आणखी हलकं करणारं. आजच्या कम्फर्टचं ते थोरलं भावंडच.

हलकेपणाला एक खोड मात्र आहे. टायरचा विरोध वाढला की तक्ता मदतही भरभर वाढवतो, त्यामुळे अकराचे तेरा किलो झाले तरी हाताला फरक जेमतेम शंभर-दोनशे ग्रॅमचा. पुढचं चाक फुटपाथच्या कडेला टेकलं आहे आणि आपण ते आणखी त्याच दिशेला वळवतोय, अशा वेळी जुन्या गाडीत हात लगेच अडायचा. आता मोटर निमूटपणे ढकलत राहते आणि तो ताण टाय रॉडला सोसावा लागतो. स्पोर्टमध्ये हे जास्त कळेल अशी समजूत आहे. फारसं कळत नाही. एक किलो वजन वाढलं म्हणजे टायरची बातमी वाढली असं होत नाही, बातमी दोन्हीकडे सारखीच दाबली जाते. त्यामुळे फुटपाथजवळ हातावर विसंबण्यापेक्षा आरशात बघावं, किंवा मागच्या परोपकारी माणसाचं ऐकावं.

दुसरी अडचण उष्णतेची. टोकापर्यंत वळवून तिथेच दाबून धरलं की मोटर फिरत नाही, पण करंट घेतच राहते, आणि सगळी वीज उष्णता होते. मे महिन्यात रायपूरचा पारा ४४-४५ वर गेलेला असताना, उन्हात तापलेल्या गाडीत, अरुंद जागी दहा-बारा वेळा मागेपुढे करत टोकाला दाबून धरलं तर संगणक मोटरला वाचवण्यासाठी करंट हळूहळू कमी करतो. स्टिअरिंग जड होत जातं, कम्फर्ट लावलेलं असलं तरी. बऱ्याचदा दिवाही लागत नाही. ओळखायची खूण अशी की जडपणा एकदम येत नाही, चढत येतो, आणि काही मिनिटं स्टिअरिंगला हात न लावता थांबलं की उतरतो. टोकाला पोचल्यावर केसभर मागे घेतलं तरी मोटरवरचा ताण बराच हलका होतो.

याउलट जडपणा एकाएकी आला आणि स्टिअरिंगचा दिवा लागला, तर तो बिघाड समजायचा. अकराच्या अकरा किलो हातावर आले आहेत. आणि तिसरा एक प्रकार आहे, ज्यात पार्किंगमध्ये स्टिअरिंग बेताचं जड, महामार्गावर मात्र नेहमीसारखं, आणि सोबत एबीएसचा दिवा. अशा वेळी मोटर बहुधा ठणठणीत असते. चाकांकडून येणारी वेगाची बातमी तुटलेली असते, आणि गाडी किती वेगात आहे हे न कळलेला संगणक सावधपणे धरून चालतो की ती पळते आहे. पळत्या गाडीला फार हलकं स्टिअरिंग धोक्याचं, म्हणून तो जड तक्ता घेऊन बसतो. गोल बाजारात उभ्या असलेल्या गाडीला तो महामार्गाचा हिशेब लावतो, आणि तुम्ही कम्फर्टचं बटण कितीही दाबलंत तरी तुम्हाला त्या वेगाचंच कम्फर्ट मिळतं.